टायफॉइडची लस घेतली तर कावीळ टळेल का?

"परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. नळ आठ दिवसांआड येतो. गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मुलाला टायफॉइड झाला, विडाल पॉझिटिव्ह आली होती. आता गल्लीत चार जणांना कावीळ झालीय, सगळे पंचवीस-तीसच्या वयाचे. ग्रामपंचायतीनं टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकली, पाणी तपासायला पाठवलं, रिपोर्ट 'पिण्यायोग्य' आला. बायकोला सातवा महिना आहे. टायफॉइडची आणि काविळीची लस सगळ्यांनी घेतली तर धोका टळेल का? मुलाला लहानपणी काविळीची लस दिलेली आहे."

आधी तुमच्या पत्नीचं बघू, लसीचं नंतर. कारण तुमच्या गल्लीत जी कावीळ असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, तिच्यावर आपल्याकडे लस मिळत नाही, आणि तीच कावीळ गरोदर बाईला सगळ्यात जास्त धोक्याची आहे.

पाण्यातून येणारी कावीळ दोन वेगवेगळ्या विषाणूंची असते, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. दोन्ही विष्ठेतून पाण्यात येतात, दोन्हीमध्ये डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली आणि मळमळ असते. नुसतं बघून फरक करता येत नाही. पण कोणाला झाली यावरून अंदाज बांधता येतो. ए ही मुख्यतः मुलांची. आपल्या खेड्यापाड्यांत बहुतेकांना ती शाळेत जायच्या आधीच होऊन गेलेली असते, आणि लहानपणी ती इतकी हलकी असते की पुष्कळदा डोळेही पिवळे होत नाहीत. एकदा झाली की जन्मभर पुन्हा होत नाही. म्हणून गल्लीत मुलं ठणठणीत आणि पंचवीस-तीसचे गडी एकामागून एक पिवळे पडताहेत असं दिसलं, की मी पहिल्यांदा ई म्हणतो. हा अंदाज झाला. खात्रीसाठी त्या चौघांपैकी दोघांच्या रक्ताची हिपॅटायटिस ए आणि ई या दोन्हींची आयजीएम तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा की एकाच गल्लीत चार रुग्ण आहेत. ही साथ समजली जाते आणि नमुने पुढे पाठवण्याची सोय त्यांच्याकडे असते.

मुलाला लहानपणी दिलेली 'काविळीची लस' म्हणजे हिपॅटायटिस बी. जन्मल्यावर आणि नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना सरकारी दवाखान्यात देतात तीच. बी हा विषाणू रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. लस चांगलीच आहे, पण नळातून येणाऱ्या काविळीपुढे तिचा उपयोग शून्य. नावातल्या या घोळामुळे "आमच्या पोराला लस दिलीय, त्याला कावीळ होणार नाही" असं म्हणणारे आई-बाप मला दर पावसाळ्यात भेटतात.

आता रिपोर्टचं. पाण्याच्या रिपोर्टवर तुम्ही विश्वास ठेवलात यात तुमची चूक नाही, पण तो रिपोर्ट नेमकं काय सांगतो ते समजून घ्या. प्रयोगशाळा पाण्यात विष्ठेतले जिवाणू सापडतात का ते बघते. टायफॉइडचा जंतू जिवाणू आहे आणि क्लोरीनपुढे तो लवकर मरतो. विषाणू त्यापेक्षा चिवट असतात, त्यातही पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांच्या आडोशाला टिकून राहतात. म्हणजे जिवाणू मेले, रिपोर्ट स्वच्छ आला, आणि विषाणू मात्र पाण्यात शिल्लक, असं होऊ शकतं. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नेमकं हेच झालं. यमुनेतलं पाणी जिथून उचलतात तिथे सांडपाणी मागे फिरून आलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. टायफॉइड किंवा हगवणीची साथ आली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत शहरात २९,००० हून जास्त लोकांना कावीळ झाली. पुढे कितीतरी वर्षांनी त्या साथीतल्या रुग्णांचं जपून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की ती हिपॅटायटिस ए नव्हतीच. आज तिला आपण ई म्हणतो.

याचा अर्थ टीसीएल निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. स्वच्छ, नितळ पाण्यात पुरेसं क्लोरीन अर्धा तास राहिलं तर विषाणूंवरही ते काम करतं. पण तुमच्या गावातला नमुना टीसीएल टाकल्यानंतर घेतलेला आहे, बहुधा टाकीवरून घेतलेला आहे, आणि तो आजच्या पाण्याबद्दल बोलतो. गल्लीतल्या चौघांनी जे पाणी प्यायलं ते आजचं नव्हे.

हा मुद्दा नीट कळावा म्हणून मी एका गावातली गोष्ट सांगतो. मी तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका वस्तीतून काविळीचे रुग्ण यायला लागले. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की परवाच्या पावसाचं पाणी विहिरीत गेलं, त्यानं झालं. मी एका घरी गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराला दिनदर्शिका टांगलेली. नळ आला त्या प्रत्येक तारखेला त्या घरच्या बाईनं पेनानं गोल केलेला होता, पुढच्या पाण्याचा अंदाज लागावा म्हणून. आपल्याकडे पुष्कळ बाया असं करतात. मी ते पान खाली काढून घेतलं आणि जमिनीवर बसून आम्ही दोघांनी उलटं मोजायला सुरुवात केली.

दूषित पाणी पोटात गेल्यावर प्रत्येक आजाराला आपापला वेळ लागतो. साधे जुलाब एक-दोन दिवसांत. टायफॉइडचा ताप बहुधा एक ते दोन आठवड्यांनी. ए ची कावीळ चार आठवड्यांच्या आसपास. ई ची त्याहून उशिरा, पाच-सहा आठवड्यांनी, क्वचित दोन किंवा नऊ आठवड्यांनीही. हे हिशेब पक्के नसतात, पण एकाच वस्तीतले दहा रुग्ण घेतले की ते एका ठिकाणी येऊन मिळतात. मोठ्या माणसांचे डोळे पिवळे व्हायला लागले १८ जुलैच्या सुमाराला. तिथून सहा आठवडे मागे गेलो तर आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचलो. त्या आठवड्यात गोल एकच होता, ५ तारखेचा. मी विचारलं, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? ती लगेच म्हणाली, "त्या दिवशीच्या पाण्याला वास होता. पहिलं पाणी आम्ही भांडी घासायला घेतलं, मागून साफ आलं ते भरलं." मग दवाखान्याचं रजिस्टर काढलं. ६ ते ८ जूनला त्याच वस्तीतले सात जण जुलाबासाठी येऊन गेलेले. १५ ते २० जूनला चार तापाचे, त्यातल्या दोघांना आम्ही टायफॉइडचे उपचार दिलेले. ते सगळे आमच्या डोळ्यांसमोरून गेले होते, पण तेव्हा ते वेगवेगळे रुग्ण होते. त्यांचं पाणी एक होतं हे मला कावीळ आल्यावर कळलं. याची खंत मला अजून आहे. जुलाबाच्या वेळी मी नळाची लाइन बघायला गेलो असतो तर पुढचे सहा आठवडे हातात होते.

लाइन बघितली तेव्हा कारण अर्ध्या तासात सापडलं. वस्तीच्या तोंडाशी व्हॉल्वचा खड्डा होता. पहिल्या पावसानं शेजारची नाली तुंबली आणि तिचं पाणी या खड्ड्यात उतरलं. व्हॉल्वचं जोडकाम झिजलेलं होतं. नळ चालू असतो तेव्हा पाइपमधला दाब आतून बाहेर ढकलतो, त्यामुळे गळती असली तरी घाण आत येत नाही. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सात दिवस ते आत साठतं, आणि आठव्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या धारेबरोबर थेट घरात येतं. त्यात लोक नळाला मोटर लावतात. प्यायचं पाणी चार हंडे जास्त मिळावं म्हणून लावलेली मोटर पाइपमधून पाण्याबरोबर गळतीतली नालीही ओढून घेते. रोज पाणी येणाऱ्या शहरात हे इतकं होत नाही. आठ दिवसांआड येणाऱ्या नळाची खरी अडचण पाणी कमी मिळतं एवढीच नाही, मधले सात दिवस पाइप रिकामा असतो ही आहे.

आता हाच हिशेब तुमच्या घराला लावा. मुलाचा टायफॉइड गेल्या महिन्यात, गल्लीतली कावीळ आता. हे दोन्ही एकाच पाण्याचे असणं अगदी शक्य आहे. तसं असेल तर ते पाणी तुमच्या पत्नीही पिऊन बसल्या आहेत. आज काहीही केलं तरी ते परत फिरणार नाही. त्यांना लागण झालेलीच असेल असं मी म्हणत नाही, बहुतेकांना होत नाही. पण नासकं पाणी आलं असेल त्या तारखेपासून नऊ आठवडे त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. एरवी ई ची कावीळ शंभरातल्या एखाद्याच्याच जिवावर बेतते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शंभरातल्या वीस-पंचवीस बाया यात दगावल्याचं साथींमध्ये दिसलेलं आहे, आणि बाळही जाऊ शकतं. सातवा महिना म्हणजे त्या या काळात पाऊल टाकत आहेत.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय? अन्नावरची वासना एकदम जाणं, सततची मळमळ, अंगात बारीक ताप, लघवी चहासारखी गडद होणं. डोळे पिवळे व्हायच्या दोन-चार दिवस आधी हे होतं. गरोदरपणात मळमळ होतेच असं म्हणून घरचे ते सोडून देतात, पण पहिल्या तीन महिन्यांतली उलटी सातव्या महिन्यात नव्यानं सुरू होत नसते. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. बिलिरुबिन आणि एसजीपीटी तर करायच्याच, पण त्याहून महत्त्वाची तपासणी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी. बिलिरुबिन कितीही वाढलं तरी ते फक्त पिवळेपणा सांगतं. आयएनआर वाढला की लिव्हर काम सोडायला लागलंय असं समजायचं. कावीळ निघाली तर बाळंतपण तालुक्याला करायचा विचार सोडा आणि सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखल करा. परभणी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, यांतलं जे तुम्हाला जवळ पडेल ते.

आणि कृपा करून कावीळ उतरवायला कुठे नेऊ नका. मी सांगितलेल्या त्याच वस्तीत आठव्या महिन्यातली एक मुलगी होती. चार दिवस तिला उतरवायला नेत होते. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं, घरच्यांना वाटतं कावीळ निघाली. पाचव्या दिवशी सासू मला म्हणाली, "दिवसभर झोपूनच असती डॉक्टर, अन् रात्री उठून काहीबाही बडबडती." हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण दिवस-रात्रीचा हा उलटफेर म्हणजे लिव्हर बंद पडून त्याचा परिणाम मेंदूपर्यंत गेल्याची खूण आहे. आम्ही तासाभरात गाडी केली. ती वाचली. बाळ वाचलं नाही. साध्या तब्येतीच्या माणसाची कावीळ बहुधा महिना-दीड महिन्यात आपोआप बरी होते, म्हणून उतरवण्याला यश आल्यासारखं वाटतं. गरोदर बाईच्या बाबतीत तेच चार दिवस जातात आणि परत मिळत नाहीत.

आजपासून पत्नीचं पाणी वेगळं करा. सगळ्या घराचं उकळणं गॅसला परवडत नाही हे मला माहीत आहे. त्यांच्यापुरतं दिवसाला चार-पाच लिटर पुरे. गढूळ असेल तर तुरटी फिरवून नितळू द्या, चार पदरी कपड्यातून गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या. उकळीपुढे टायफॉइडचा जंतू, ए आणि ई तिन्ही टिकत नाहीत. ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करायचं. इथे बहुतेक जण चुकतात. उकळलेलं पाणी रोजच्या माठात ओततात, ज्याच्या तळाला गेल्या आठवड्याचं पाणी असतं, आणि वरून कोणीतरी बोटांसकट पेला बुडवतं. तोटीचा माठ नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते माठावर न ठेवता भिंतीला अडकवा. दात घासायला, गोळी घ्यायला आणि कच्ची कोथिंबीर-काकडी धुवायलाही हेच पाणी. रसवंतीचा रस आणि बर्फाचा गोळा बाळंतपणापर्यंत बंद. काविळीच्या माणसाला उसाचा रस पाजायची आपल्याकडे पद्धत आहे. रसात दोष नाही, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे रसवंतीवाल्यालाही सांगता येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेच जण म्हणतात की आम्ही जारचं पाणी आणतो. आरओ मशिनमधून पाणी स्वच्छ निघतं हे खरं. पण त्यात क्लोरीन शिल्लक राहत नाही. त्यामुळे जार आतून नीट धुतलेला नसला किंवा भरणाऱ्याचे हात घाण असले, तर त्या पाण्याला स्वतःचं काही संरक्षण नसतं. थंडगार आहे म्हणून ते शुद्ध, असं समजू नका. पत्नीसाठी जारचं पाणीही उकळाच.

आता लसी. टायफॉइडसाठी आज जी घ्यावी ती कॉन्ज्युगेट लस, बालरोगतज्ज्ञ तिला टीसीव्ही म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते, दंडात किंवा मांडीत एकच इंजेक्शन. आपल्या शेजारी हैदराबादला तयार होणारी अशी लस नेपाळमध्ये ललितपूर इथे साधारण २०,००० मुलांवर तपासली गेली, आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या निकालात तिनं टायफॉइड सुमारे ८० टक्क्यांनी कमी केला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं ती ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना मोहिमेतून दिली होती. आपल्याकडे मात्र नेहमीच्या सरकारी लसीकरणात ती नाही, खिशातून पैसे घालून घ्यावी लागते. तिच्या दोन मर्यादा आहेत. शंभर टक्के संरक्षण देत नाही, म्हणून पाण्याची काळजी सुटत नाही. आणि पॅराटायफॉइड नावाचा भाऊबंद जंतू अगदी तसाच ताप देतो, त्यावर ती चालत नाही. मुलाला टायफॉइड होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. तो पूर्ण बरा झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी त्याला ही लस द्या.

हिपॅटायटिस ए ची लसही आहे. एका डोसची जिवंत लस आणि सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोसची मृत लस, असे दोन प्रकार वर्षाच्या बाळापासून देता येतात. गल्लीतली कावीळ तपासणीत ए निघाली तर मुलाला लगेच द्या, कारण संसर्ग झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तर ती अजूनही आजार रोखू शकते. तुम्ही स्वतः खेड्यात वाढला असाल तर तुम्हाला ए लहानपणीच होऊन गेलेली असण्याची दाट शक्यता आहे. पैसे घालण्याआधी रक्तात तिच्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते. या लसीची खरी गरज मला आता वेगळ्याच ठिकाणी दिसते. घरी फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेली, लहानपणी ए न झालेली मुलं सोळा-सतराव्या वर्षी लातूर किंवा संभाजीनगरला शिकवणीसाठी जातात आणि मेसचं पाणी पितात. त्या वयात ए लहानपणासारखी हलकी जात नाही, महिना-दोन महिने अंथरूण धरायला लावते. मुलाला तिकडे पाठवण्याच्या आधी ही लस देणं शहाणपणाचं.

पत्नीला आता यातली कुठलीच लस आपणहून देऊ नका. ए ची जिवंत लस गरोदरपणात चालत नाही, मृत लसीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. ई ची लस चीनमध्ये २०११ पासून आहे, पण आपल्या दवाखान्यात ती मिळत नाही. म्हणून त्यांच्यासाठी पाणी आणि लक्ष, एवढंच हातात आहे. एक गोष्ट मात्र आठवणीनं बघा. गरोदरपणातल्या तपासण्यांमध्ये हिपॅटायटिस बी ची झालीय का? नसेल तर करून घ्या. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर वेगळी काळजी लागते.

मुलाच्या विडालबद्दल दोन शब्द. फक्त एक विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड, हे आपल्या भागात धरून चालत नाही. पूर्वी कधी होऊन गेलेल्या टायफॉइडचे किंवा दुसऱ्याच जंतूंचे प्रतिपिंड रक्तात असतात, आणि ताप डेंगीचा असला तरी विडाल पॉझिटिव्ह दिसते. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती निगेटिव्हही येते. खात्रीची तपासणी ब्लड कल्चर. ती पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी करावी लागते. तिच्यातही जंतू निम्म्याच्या आसपास रुग्णांतच सापडतो, पण सापडला तर कुठलं औषध लागू पडेल तेही ती सांगते. पुढच्या वेळी ताप चार दिवसांपुढे गेला तर आधी कल्चरचं रक्त द्या, मग औषध. आणि बरोबर औषध सुरू झालं तरी टायफॉइडचा ताप उतरायला पाच-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलून नवीन औषध सुरू करू नका. पोट एकदम कडक होणं, काळं शौच होणं, ताप अचानक उतरून अंग गार पडणं यापैकी काही झालं तर मात्र रात्र असली तरी निघा.

मुलगा बरा दिसत असला तरी त्याच्या शौचातून जंतू काही आठवडे जात राहतात, आणि शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात ते कायमचे घर करतात. म्हणून शौचानंतर त्याचे हात साबणानं धुऊन घेणं, नखं कापणं, आणि त्यानं ताटलीत किंवा माठात हात न घालणं, हे पुढचे काही आठवडे सोडू नका. कोविडपासून घराघरात आलेलं सॅनिटायझर इथे साबणाची जागा घेत नाही, काविळीच्या विषाणूंवर ते नीट चालत नाही. गल्लीतल्या कावीळवाल्यांना वाळीत टाकू नका. ए असेल तर डोळे पिवळे व्हायच्या आधीचे दोन आठवडे तो सर्वांत जास्त पसरतो, म्हणजे वेगळं ठेवायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. ई एका माणसाकडून दुसऱ्याकडे फार जात नाही, तो पाण्यातूनच येतो.

राहिला नळ. पुढचं पाणी सुटेल त्या दिवशी गावच्या जलसुरक्षकाला ओटीची बाटली घेऊन तुमच्या गल्लीच्या शेवटच्या घरी बोलवा. टाकीखाली तपासून उपयोग नाही. नळीत नळाचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं दिसतं. पांढरंच राहिलं तर तुमच्यापर्यंत क्लोरीन पोचत नाही. मग दोन शक्यता. एक, टीसीएलचं पोतं जुनं आहे. पावडरमध्ये ताजेपणी साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पोतं उघडं आणि दमट खोलीत पडलं की ते उडून जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरून अर्थ नाही. मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम, आधी थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास नळ सोडायचा नाही. दुसरी शक्यता, टाकीत क्लोरीन आहे पण वाटेत कुठेतरी घाण मिसळून ते तिथेच संपतंय. टाकीजवळच्या नळाला पिवळं आणि तुमच्याकडे पांढरं असं दिसलं तर समजा की गळती त्या दोन घरांच्या मध्ये आहे. मग गल्लीतून चालत प्रत्येक चौथ्या घरी ओटी करत या. ज्या घरापासून रंग जातो त्याच्या अलीकडचा व्हॉल्वचा खड्डा उघडायला लावा.

खड्डा दुरुस्त होईपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवून नळाच्या मोटरी बंद ठेवा, पहिली पंधरा मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी धरू नका, आणि तपासणीचा नमुना द्याल तो शेवटच्या घरच्या नळाचा द्या, टाकीचा नको. घरातल्या दिनदर्शिकेवर नळाच्या तारखांना गोल करताना ज्या दिवशी पाण्याला वास किंवा रंग आला त्या गोलाशेजारी फुली मारून ठेवा. गल्लीत कोणाचे डोळे पिवळे झाले तर ते पान घेऊनच दवाखान्यात जा.